डावं-उजवं

पटकथेत लेखकाने एवढंच लिहिलं होतं: ‘वाडा. रात्र. सगळे जेवत आहेत. आजोबा चिडून पापड मोडतात.’ लिहायला त्याला अर्धा मिनिट लागलं असेल. त्या लेखकाला एकदा भेटून विचारायचंय, बाबा रे, तुझ्या आजोबांना चिडून नुसतं पाणी पिता आलं नसतं का?

मी सिनेमात कंटिन्युइटी बघते. सेटवर माझं नावही ‘कंटी’च आहे. ‘ए कंटी, ह्याची बाही किती दुमडली होती?’ ‘कंटी, ताईंचं मंगळसूत्र आत होतं की बाहेर?’ एकच प्रसंग आम्ही आधी लांबून घेतो, तो मास्टर. मग तोच पुन्हा एकाच्या खांद्यावरून घेतो, त्याला सजेशन म्हणतात. मग एकेकाचे क्लोज. पडद्यावर दोन मिनिटं चालणारं जेवण प्रत्यक्षात सात तास चालतं, आणि त्या सात तासांत आमटीची पातळी हलता कामा नये. ही जबाबदारी माझी.

वाईजवळ भाड्याने घेतलेला वाडा. टेबलाच्या एका टोकाला आजोबा, समोरच्या टोकाला मुलगा, मध्ये सून आणि नात. आजोबांचं काम करणारे काका रंगभूमीवरचे मुरलेले नट. ताट मांडताना आर्टवाल्या पोराने चटणी कुठल्या बाजूला म्हणून विचारलं, तेव्हा मी डोंबिवलीला आईला फोन लावला. आई म्हणाली, “मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. लग्नाचं वय झालं, अजून ताट वाढता येईना!” मी ताटाचा फोटो काढला आणि निश्चिंत झाले. ती त्या रात्रीची शेवटची निश्चिंती.

काकांचं वाक्य होतं, “वाडा विकायचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही!” पहिल्या टेकला त्यांनी पापड ‘वाडा’वर मोडला. दुसऱ्याला ‘पुन्हा’वर. तिसऱ्याला वाक्य संपल्यावर, आणि तेव्हा तर अंगावर काटा आला. पण साउंडवाला हेडफोन काढून म्हणाला, नातीने त्याच वेळी चमचा आपटला. चौथा टेक ओके झाला. त्यात पापड ‘पुन्हा’च्या ‘न्हा’वर मोडला होता, उजव्या हाताने, मोठा तुकडा हातात आणि छोटा आमटीच्या वाटीशेजारी. आता इथून पुढे प्रत्येक कोनातून पापड ‘न्हा’वरच मोडायला हवा, कारण एडिटर कट मारतो तो अशा हालचालीवर. मास्टरमध्ये हात पापडाकडे जातो आणि क्लोजमध्ये पापड मोडतो, मग बघणाऱ्याला सांधा कळत नाही. हात एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असेल, तर प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण तो खुर्चीत उगाच चुळबूळ करतो.

मी काकांपाशी जाऊन नम्रपणे म्हटलं, “काका, पापड ‘पुन्हा’वर. ‘न्हा’वर.”

काका माझ्याकडे बघत राहिले. “बाळ, मी अभिनय करू की पापड मोडू?”

दोन्ही करायचं असतं, हे त्यांना सांगण्याचं माझं वय नव्हतं. पण गडी पक्का. पुढच्या नऊ टेकमध्ये त्यांनी ‘न्हा’ एकदाही चुकवला नाही. चुकवला तो पापडाने. रात्रीच्या दमट हवेत भाजलेला उडदाचा पापड दहा मिनिटांत मऊ पडतो आणि मग तो मोडत नाही, दुमडतो. एका टेकला आजोबा रागाने थरथरत होते आणि हातातला पापड रुमालासारखा लोंबत होता. शेवटी वाड्याच्या मागच्या अंगणात एक शेगडी मांडली. ‘रोल’ म्हटलं की स्पॉटदादा पापड भाजणार, धावत आणणार, ठेवणार, फ्रेमबाहेर जाणार, मग ‘अ‍ॅक्शन’. नातीचं काम करणारी पोरगी नवीन होती. तिने पहिल्या टेकला श्रीखंडाचे तीन भरघोस चमचे हाणले होते. अनुभवी नट जेवणाच्या सीनमध्ये भात फक्त चिवडतात, ते का, हे तिला अकराव्या टेकला समजलं. तेहतिसावा चमचा तिने डोळे मिटून घेतला. दिग्दर्शक म्हणाले, छान भाव आला.

मधल्या वेळात घड्याळाने घात केला. भिंतीवरच्या घड्याळातला सेल आम्ही आधीच काढतो आणि काटे लावून ठेवतो. आमचे आठ चाळीसला लावले होते. दोन शॉटच्या मध्ये लाइट बदलत होते, तेव्हा वाड्याच्या मालकीणबाई, ऐंशीच्या घरातल्या आजी, आत आल्या. बंद घड्याळ घरात ठेवू नये म्हणून त्यांनी देवघरातल्या खणातला सेल आणून मायेने घातला. माझ्या लक्षात आलं तेव्हा नऊ पंचवीस झाले होते, आणि तेवढ्यात दोन टेक निघालेही होते. ते तसेच जोडले असते, तर ‘वाडा विकायचा’ आणि ‘विषय’ यांच्या मध्ये आजोबांनी पाऊण तास विचार केला असता. ते टेक पुन्हा घेतले. आजी दारात उभं राहून म्हणाल्या, “म्हणूनच तुमची कामं होत नाहीत. घड्याळ बंद ठेवून बसता.”

पहाटे पॅकअप झालं तेव्हा काकांचे पुढून घ्यायचे दोन शॉट राहिले होते, एक क्लोज आणि एक ताट सारतानाचा मिड. काकांचा पुण्यात प्रयोग होता. मग ते पॅचवर्कमध्ये ढकलले: दहा दिवसांनी, गोरेगावला, वाड्याच्या भिंतीच्या रंगात रंगवलेल्या सहा बाय आठच्या फळीसमोर.

पॅचवर्कला समोर बसणारा मुलगा नव्हता, तो दुसऱ्या शूटला कोल्हापूरला. मग काका रागावणार कुणावर? अशा वेळी एका स्टँडवर काळ्या टेपची फुली मारतात आणि नटाने फुलीकडे बघायचं असतं, हा त्याचा लुक. लाइटमनने फुली उभ्या माणसाच्या उंचीवर लावली होती. मॉनिटरवर आजोबा पंख्याला दम देताना दिसले. मी टेप घेऊन धावले. खुर्चीवर बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून ४६ इंचांवर, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. फुली खाली आणली. कॅमेरामन म्हणाले, वा, आणि बाजू? मी वही उघडली. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘आजोबा, लुक: डावीकडे.’ मी आत्मविश्वासाने स्टँड लेन्सच्या डावीकडे उभा केला. शॉट झाला. दोन्ही शॉट झाले. काकांनी ‘न्हा’ तिथेही चुकवला नाही.

एडिटरचा फोन चार दिवसांनी आला. “ये जरा. गंमत दाखवतो.”

डावी कुणाची? वाईला मी लिहिलं होतं ते काकांच्या डावीकडे. गोरेगावला वाचलं ते कॅमेऱ्याच्या डावीकडे. आणि नट कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेला असतो, त्यामुळे त्याची डावी ही कॅमेऱ्याची उजवी. दोन माणसं समोरासमोर बसली की त्यांच्यामध्ये एक रेघ आहे असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच अंगाला ठेवायचा. मग एक जण पडद्याच्या उजवीकडे बघतो आणि दुसरा डावीकडे, आणि बघणाऱ्याला पटतं की हे एकमेकांशी बोलताहेत. माझ्या कृपेने दोघेही डावीकडे बघत होते. वाड्यावरून भांडणारे बापलेक नव्हेत, एकाच एसटीची वाट बघणारे दोन प्रवासी दिसत होते.

“फोटो नव्हते तुझ्याकडे?” होते की. त्या रात्रीचे एकशे बारा फोटो होते माझ्या मोबाइलमध्ये. पापडाचे एक्केचाळीस, ताटाचे तीस, घड्याळाचे बावीस, बाकी बाह्या, मंगळसूत्र आणि चमचा. काका कुठे बघताहेत, याचा एकही नाही. मास्टरची क्लिप एडिटकडे. तेव्हापासून मी वहीत डावं-उजवं हे शब्दच लिहीत नाही. ‘कॅमेरा लेफ्ट’ लिहिते आणि शेजारी एक डोकं काढून त्याला बाण मारते.

एडिटर भला माणूस. म्हणाला, “वॉल्टर मर्च नावाच्या एडिटरने कट कुठे करायचा, याला टक्के दिलेत. भावनेला ५१, गोष्टीला २३, लयीला १०. माणसं आणि वस्तू जागच्या जागी आहेत की नाहीत, याला सगळ्यात शेवटी ४.”

“म्हणजे माझी नोकरी चार टक्क्यांची?”

“आज तेवढीही नाही,” तो म्हणाला आणि त्याने शॉट उलटा केला. आरशात दिसावा तसा. काका क्षणात मुलाकडे बघायला लागले. मी त्याच्या पाया पडणार, तेवढ्यात सदऱ्याचा खिसा उजवीकडे गेलेला दिसला. मास्टरमध्ये गालावर ठसठशीत दिसणारा काकांचा तीळ नाकापलीकडे जाऊन बसला होता. केसांचा भांगही बदलला. शॉट ४के होता आणि सिनेमा २केमध्ये निघणार होता, म्हणून एडिटरने चित्र मोठं करून खिसा फ्रेमबाहेर घालवला. भांग आणि तिळाकडे कुणी बघत नाही म्हणाला, काकांचे डोळे बघ, प्रेक्षक तेच बघेल. क्लोज वाचला. मिड मात्र मोठा करता येईना, कारण त्यात काका ताट सारतात आणि हात दिसायलाच हवा. तो तसाच उलटा ठेवला. दीड सेकंदाचा शॉट. खिसा टेबलाच्या सावलीत जेमतेम झाकला होता.

सिनेमा लागला त्या रविवारी आईला घेऊन गेले. जेवणाचा प्रसंग आला तसा माझा घसा कोरडा पडला. काका कडाडले, ‘न्हा’वर पापड मोडला, थिएटर गप्प. खिसा कुणी पाहिला नाही. तीळ कुणी पाहिला नाही. मागच्या रांगेतल्या बाईंनी नाक पुसल्याचा आवाज आला. मी हळूच आईकडे बघितलं. तिचेही डोळे भरले होते.

आई माझ्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, “फोनवर एवढं सांगितलं होतं. चटणी उजवीकडे कोणी वाढली?”