लोगो झाकून बघा, मग ब्रँडचं बोलू

तुमच्या को-वर्किंगच्या आजूबाजूला डेस्क भाड्याने देणारी आणखी पाच-सहा ऑफिसं असतील, तर आधी सगळ्यांची वेबसाइट उघडा. नावं आणि लोगो झाकून पहिला परिच्छेद तुमच्या मेंबरना वाचायला द्या. हाय-स्पीड इंटरनेट, अनलिमिटेड कॉफी, मीटिंग रूम, ‘व्हायब्रंट कम्युनिटी’. तुमचा परिच्छेद कोणता हे त्यांना ओळखता आलं नाही, तर नवा लोगो आणि भिंतीवरची रंगरंगोटी यांवर पैसे घालवू नका. सारखाच माल असला की गिऱ्हाईक दर बघतं, आणि दराच्या लढाईत ज्याचं जागाभाडं सगळ्यात कमी तोच टिकतो.

माझं ठाम मत आहे की अशा ठिकाणी ‘सगळ्यांसाठी’ हा शब्द सोडून द्यावा. कामाचा एकच प्रकार निवडावा आणि त्या कामातली सगळ्यात मोठी अडचण सोडवून द्यावी. उदाहरण घेऊ: दिवसभर कॉलवर असणारी माणसं. नोकरभरती करणारे, समुपदेशक, ऑनलाइन शिकवणारे, सेल्सवाले. नेहमीच्या को-वर्किंगमध्ये यांचे हाल होतात. कॉलसाठीचे बंद बूथ दोन-तीन, तेही भरलेले, मग हे लोक जिन्यात उभे राहून बोलतात.

समजा 60 डेस्कची जागा आहे, 36 भरलेले आहेत आणि बूथ तीन आहेत. गर्दीच्या तासाला 30 जण हजर असतात. मेंबर कॉलवाले असतील तर त्यातले निम्मे एकाच वेळी बोलत असतात असं धरू (हा आकडा अंदाजाने ठरवू नका, आठवडाभर दर अर्ध्या तासाला मोजा). म्हणजे 15 बूथ लागतात. 16 डेस्क काढले की दारं उघडायची जागा धरून साधारण 12 नवे बूथ बसतात. डेस्क उरले 44. मालकाचा जीव इथेच अडकतो, पण काढलेले डेस्क रिकामेच होते. 36 मेंबर तेवढेच राहिले, तर उत्पन्नाला धक्का लागत नाही. बूथचा खर्च वाढीव दरातून काढायचा, आणि तो दर मिळतो कारण शेजारी ही सोय नाही.

या हिशेबाला मर्यादाही आहे. सगळे 44 डेस्क कॉलवाल्यांना दिले तर त्याच हिशेबाने गर्दीच्या तासाला 18-19 बूथ लागतील. म्हणून कॉलवाल्यांची मेंबरशिप 36 वर थांबवायची आणि उरलेले आठ डेस्क क्वचित बोलणाऱ्यांना द्यायचे. बारा जणांची सेल्स टीम एकरकमी पैसे घेऊन आली तरी नाही म्हणायचं. ती आली की दुपारपर्यंत बूथ संपतात आणि जुने मेंबर महिन्याअखेरीस गुपचूप निघून जातात.

आता बूथ. बरेच जण आत फोम चिकटवतात आणि काम झालं समजतात. फोमने आतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्यासाठी जड भिंत, जाड काच आणि दाराच्या चारही बाजूंना रबरी सील लागतं. दाराखालची बोटभर फट सगळ्यावर पाणी फिरवते. तपासणी सोपी आहे: एकाने आत बसून नेहमीच्या आवाजात वाचायचं, दुसऱ्याने बाहेर दोन पावलांवर उभं राहायचं. अस्पष्ट आवाज आला तर चालेल, शब्द कळता कामा नयेत.

दुसरी चूक हवेची. पंखा नसलेल्या बंद बूथमध्ये थोड्या वेळात कोंदायला लागतं. लोक दार किलकिलं ठेवून बोलताना दिसले, तर वायुवीजन फसलं आहे आणि फोम-सीलचा सगळा खर्चही वाया गेला आहे.

इंटरनेटचंही तसंच. जाहिरातीत डाउनलोडचा वेग लिहितात, पण व्हिडिओ कॉलला अपलोडही तितकाच लागतो. एका कॉलला 4 एमबीपीएस धरले तर 15 कॉलना 60 एमबीपीएस अपलोड लागतो, वर इतरांच्या कामासाठी तेवढीच मोकळीक ठेवा. दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची हवी, नाहीतर दोन्ही एकदमच बंद पडायची भीती.

हे उभं राहिल्यावर मगच जाहिरात. पहिली ओळ कॉफीची नको: ‘कॉलच्या वेळी बूथ मिळेल, नाही मिळाला तर त्या दिवसाचे पैसे परत.’ जागा दाखवायला सकाळी शांत असताना बोलावू नका. ऐन गर्दीच्या तासाला बोलवा, लॅपटॉप आणायला सांगा आणि त्यांचा खरा कॉल बूथमधून करू द्या.

दोन गोष्टी रोज लिहून ठेवा. बूथ हवा होता पण मिळाला नाही, असं किती वेळा झालं. आणि नवा मेंबर इथेच का आला, हे त्याच्याच शब्दांत. ‘जवळ पडतं’, ‘स्वस्त वाटलं’ अशीच उत्तरं येत असतील, तर बूथ बांधून झालेत, पण ब्रँड अजून कुणापर्यंत पोहोचलेला नाही. ‘निवांत बोलता येतं’ असं मेंबर आपणहून म्हणायला लागले, की तेच शब्द उचलून वेबसाइटवर टाका.