एमआरपी रात्री चालतं, बिन दुपारी रिकामा होतो

"ईआरपी असताना कानबान कशाला? मागणी स्थिर आहे, एमआरपी रोज रात्री चालतं, तेवढं पुरे. आणि कानबान लावलंच, तर मग प्लॅनिंगची माणसं कशाला?"

कानबानवर असा आक्षेप घेतला जातो. एमआरपी म्हणजे कोणता माल कधी आणि किती मागवायचा हे ठरवणारा, ईआरपी या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला हिशेब. तो सिस्टिममधल्या साठ्यावर चालतो, आणि घोळ तिथेच आहे. एकच माल सतत बनवणाऱ्या लाइनवर सुट्या भागांची वजावट बहुधा बॅकफ्लशने होते. तयार माल नोंदवला की बीओएमप्रमाणे, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या भागांच्या यादीप्रमाणे, भाग कमी होतात. रिजेक्शनच्या पेटीत गेलेले पण कुणी न नोंदवलेले ब्रॅकेट सिस्टिमच्या लेखी रॅकवरच असतात. मग स्क्रीनवर साठा दिसतो आणि लाइन थांबलेली असते. कानबान, म्हणजे प्रत्येक बिनला एक कार्ड आणि बिन रिकामा झाला की तेवढाच माल मागवायचा ही पद्धत, त्या आकड्याकडे बघतच नाही. बिन रिकामा झाला, बारकोड स्कॅन केला, की एका बिनची मागणी थेट ब्रॅकेट बनवणाऱ्या प्रेस शॉपला जाते. भरलेला बिन आल्यावर पुन्हा स्कॅन केला की आवकही तिथेच नोंदली जाते.

मागणी स्थिर असणं हे कानबानच्या विरोधातलं कारण नाही, उलट ती त्याची पूर्वअट आहे. ती असेल तरच कार्डांची संख्या ठरवून ठेवता येते. समजा लाइनला तासाला ६० ब्रॅकेट लागतात, बिनमध्ये ४० बसतात आणि रिकामा बिन भरून परत यायला, प्रेसचं सेटिंग धरून, ४ तास जातात. ४ तासांचे २४०, त्यावर २० टक्के सुरक्षा धरून २८८. भागिले ४०, म्हणजे ७.२, म्हणून ८ कार्डं. साठा ३२० नगांच्या वर जाऊच शकत नाही. 'कानबान म्हणजे शून्य साठा' म्हणणाऱ्यांनीही हा आकडा बघावा.

आता प्लॅनिंगवाल्यांचं. लाइनचा वेग तासाला ७५ झाला तर तोच हिशेब ९ कार्डांवर जातो. नववं कार्ड सिस्टिममध्ये कोण वाढवणार? ते वाढलं नाही तर तुटवडा येतो आणि बोल प्रेस शॉपला बसतो. ब्रॅकेटची पत्र्याची कॉइल मिळायला काही आठवडे लागत असतील, तर ती एमआरपीनेच मागवावी लागते. मात्र ब्रॅकेटसाठी एमआरपी वेगळी ऑर्डर काढणार नाही अशी सेटिंग हवी. नाहीतर कार्डही माल मागतं आणि एमआरपीही, आणि मग 'कानबानने साठा वाढवला' अशी बोंब होते.

माझ्या मते खरा आक्षेप घ्यायचा तर तो स्कॅनिंगच्या शिस्तीवर घ्यावा. ऑपरेटर रिकामे बिन साठवून शिफ्ट सुटताना एकदम पाच स्कॅन करतो. प्रेस शॉपवर दिवसभर शुकशुकाट आणि मग अचानक गर्दी. हे ओळखायला ऑडिट लागत नाही. 'रिकामा' स्कॅनच्या वेळा काढून बघा. तासाला ६० नग लागत असतील तर त्या साधारण ४० मिनिटांच्या अंतराने पडायला हव्यात.