चार, पाच, सात, आठ

वर्गातल्या गप्प मुलाविषयी विचारलं की शिक्षकांकडून ठरलेली उत्तरं येतात. "लाजाळू आहे हो." "घरी कोणी लक्ष देत नाही." आणि जरा आवाज खाली आणून, "डोक्याने कमीच आहे." ऐकायला येतं का त्याला, हे कोणी तपासलंय का, असं विचारलं की लगेच, "येतं की! हाक मारली की बघतो ना." मी गटसाधन केंद्रात विशेष शिक्षिका आहे आणि "हाक मारली की बघतो" या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. ते गोष्टीतून सांगते. गोष्टीतली माणसं माझ्या मनातली आहेत, पण कानाचं जे काही लिहिलंय ते सगळं खरं आहे.

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन लातूरकडचा एक तरुण शिक्षणसेवक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत रुजू झाला. महिना १६ हजार मानधन, दोन शिक्षक, एका खोलीत दोन वर्ग, वर पत्रा. कोकणातला पाऊस त्याने आधी बातम्यांतच पाहिला होता. जूनअखेर पत्र्यावर तो सुरू झाला आणि गुरुजींना आपलाच आवाज ऐकू येईना. (इकडे अजून 'गुरुजी'च म्हणतात, वय तेवीस असलं तरी.)

चौथीत प्रणाली होती. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. प्रश्न विचारला की उभी राहायची, गुरुजींच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि मग मान खाली. रागावलं तरी तेच, गोड बोललं तरी तेच. पाढे सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र तिचे ओठ हलायचे. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "तिचं असंच आहे पहिलीपासून. लिहिते बरी. तोंडीचे गुण आपण सांभाळून देतो."

'लिहिते बरी' हे गुरुजींच्या डोक्यात अडकलं. तोंडी गणितात शून्य आणि लेखीत दहापैकी नऊ, हा काय प्रकार? शेजारणीचं बघून लिहीत असेल म्हणून त्यांनी तिला एकटीला ओट्यावर बसवलं आणि फळ्यावर नवी गणितं घातली. सगळी बरोबर. हातच्याची वजाबाकीसुद्धा. मग तीच जातकुळी तोंडी विचारली. पुन्हा मान खाली.

उलगडा झाला तो श्रुतलेखनात. गुरुजींनी अंक सांगितले आणि मुलांनी ते लिहायचे होते. प्रणालीच्या वहीत सातच्या जागी पाच, आठच्या जागी चार, पाचच्या जागी आठ. पण एक, दोन, तीन, नऊ, दहा मात्र चोख. पुढे शब्द होते. 'शाळेत'चं तिने 'शाळे' लिहिलं होतं, 'घरात'चं 'घरा'. तेच शब्द फळ्यावर लिहून उतरवायला सांगितले तेव्हा मात्रा-वेलांटीसकट अचूक.

आता जरा थांबून हे चार अंक मोठ्याने म्हणून बघा. चार, पाच, सात, आठ. चारांच्याही पोटात तोच 'आ' बसलाय. 'आ' हा मोठा, दणदणीत आवाज, लांबूनही पोचतो. फरक पाडणारे जे च, स, त, ठ आहेत ते त्याच्यापुढे फारच दुबळे, नुसती फुंकर. कान थोडा कमी झाला की आधी हीच व्यंजनं जातात आणि स्वर शिल्लक राहतात. म्हणजे प्रणालीला गुरुजी बोलतायत हे व्यवस्थित ऐकू येत होतं. हाक मारली की ती बघतही होती, कारण नावातला 'आ' आणि 'ई' पोचत होता. काय बोलतायत हे मात्र तिला दरवेळी ओळखावं लागायचं. 'सात पंचे किती' की 'पाच पंचे किती' की 'आठ पंचे किती'? गणित तिला येत होतं, फक्त कुठलं गणित विचारलंय हेच कळत नव्हतं. चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं की वर्ग हसतो, हे ती पहिलीतच शिकली असणार. अशा वेळी गप्प राहणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे, आणि आपण त्याला मठ्ठपणा म्हणतो.

एवढं झाल्यावर गुरुजींनी मला फोन केला. मी त्यांना एक साधी तपासणी सांगितली, ती इथेही सांगते. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञाने सहा आवाज निवडले होते: म, ऊ, आ, ई, श, स. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्यातला सगळा पट्टा यात येतो. 'श' आणि 'स' म्हणताना पुढे 'अ' जोडायचा नाही, नुसतं 'श्श' आणि 'स्स'. मधल्या सुट्टीनंतर, शांत खोलीत, मुलाच्या मागे दोन हातांवर उभं राहायचं आणि नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढायचा. क्रम बदलत राहायचा, मधली थांबण्याची वेळही बदलायची, नाहीतर मूल अंदाजाने बोलतं. ऐकू आलं तसं त्याने म्हणून दाखवायचं. समोरून करायचं असेल तर तोंडापुढे वही धरायची, कारण अशी मुलं ओठ वाचण्यात पटाईत असतात. ही अट विसरली की सगळी तपासणी फुकट. हाक मारून बघण्यात नेमकी हीच गडबड होते. आपण समोर असतो, तोंड दिसत असतं, शेजारची मुलं वळून बघतात आणि त्यांच्याकडे बघून हेही मूल वळतं.

प्रणालीने 'म', 'ऊ', 'आ', 'ई' म्हणून दाखवलं. 'श्श'ला उशिरा काहीतरी पुटपुटली. 'स्स' तीनदा काढला तरी ती तशीच बसून राहिली, पुढच्या आवाजाची वाट बघत.

गुरुजी संध्याकाळी घरी गेले. आई-वडील मुंबईला कामाला, घरात आजी. आजीला यात नवल वाटलं नाही. "कान व्हातो हो तिचा. बारकी होती तेव्हापासनं. पावसात जरा जास्तीच." उपाय चालूच होता. गोडेतेलात लसूण कडवून ते कोमट तेल कानात, वर कापसाचा बोळा. उन्हाळ्यात वाडीतल्या पोरांबरोबर विहिरीत उड्या. कान खाजला की काडी.

वाहणारा कान आपल्याकडे इतका सर्रास आहे की त्याला कोणी आजारच मानत नाही. लहान मुलांच्या घशापासून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीतला जंतुसंसर्ग सहज मधल्या कानात पोचतो. तिथे पू साठतो, पडद्याला भोक पडून तो बाहेर येतो. पू बाहेर आला की ठणका थांबतो, म्हणून घरच्यांना वाटतं बरं झालं. भोक बहुतेक वेळा आपोआप भरतं. पण पुन्हापुन्हा कान फुटत राहिला तर ते तसंच राहतं, आणि मग बाहेरून गेलेलं पाणी किंवा तेल थेट आत उतरतं. कानात तेल घालू नये असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. पडद्याला भोक असेल तर तेल आतल्या ओलीत भर घालतं. आणि घाण वास येणारा, थांबता थांबत नाही असा स्राव असेल तर एक दिवसही दवडू नये, कारण त्यातला एक प्रकार कानाभोवतीचं हाड कुरतडत जातो.

जिल्हा रुग्णालयात नेल्यावर दोन्ही पडद्यांना भोक दिसलं. कान साफ करून थेंब दिले आणि कोरडा ठेवायला सांगितला: आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, विहीर बंद, तेल बंद. कान कोरडा झाल्यावर श्रवण तपासणी झाली. कानावर हेडफोन, टीं असा बारीक आवाज आला की बटण दाबायचं. उजवा कान ५० डेसिबलने कमी, डावा ३५ ने. साधं बोलणं एका मीटरवर साधारण ६० डेसिबलचं असतं. शेजारी बसून बोललेलं तिला डाव्या कानाने कळेल, पण तिसऱ्या रांगेत, पत्र्यावर पाऊस आणि शेजारी दुसरीचा वर्ग 'अननस' म्हणतोय, तिथे काय उरणार? पडदा बसवायची शस्त्रक्रिया होते, पण कान काही काळ कोरडा राहिला पाहिजे आणि वय बघून डॉक्टर ठरवतात. त्यांनी पुढच्या उन्हाळ्यावर टाकलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना हे उपचार मोफत मिळतात, म्हणून आजीची पैशाची काळजी मिटली.

मला खरा राग येतो तो पुढच्या भागाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णदोष मोजला जातो तो दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलपासून. प्रणाली त्यात बसत नाही. प्रमाणपत्र नाही, म्हणून शाळेच्या कुठल्या रकान्यात ती नाही, म्हणून माझ्या यादीतही नाही. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते हे मला मान्य आहे. पण रेघेच्या अलीकडचं मूल 'नॉर्मल' ठरतं आणि वर्गात रोज शाळेचा अर्धा अभ्यास अंदाजाने करतं. शिबिरातल्या तपासणीतही हे मूल सुटतं. व्हरांड्यात चाळीस पोरांच्या गलक्यात कान कोण मोजणार?

वर्गात काय बदललं ते फारसं मोठं नाही. गुरुजींनी तिला पहिल्या रांगेत, तिच्या उजव्या हाताला भिंत येईल अशी बसवली, म्हणजे डावा, बरा कान वर्गाकडे राहिला. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय मोडली. ही सर्वात जड गेली, असं ते स्वतःच म्हणाले. तोंडी गणितात अंक बोलताना बोटंही दाखवायची, सगळ्यांनाच, म्हणजे ती एकटी वेगळी पडत नाही. पाऊस जोरात आला की तोंडी काम थांबवून लेखी. आठवड्याभराने तिने पहिलं उत्तर दिलं, आणि ते चुकलं. सात आठे चोपन्न. गुरुजींनी मला हे इतक्या आनंदाने कळवलं, की जणू ती शिष्यवृत्तीतच आली. पण बरोबर होतं त्यांचं. प्रश्न ऐकून झालेली चूक होती ती, आणि अशी चूक शिकवून दुरुस्त करता येते.

सगळ्या गप्प मुलांना हेच लागू होत नाही. सहाही आवाज स्वच्छ आले तर कारण दुसरीकडे शोधायचं. मूल अडखळत बोलतं का, घरची बोली वेगळी आहे का, घरी भरपूर बोलतं पण शाळेत शब्दही काढत नाही असं आहे का. त्या प्रत्येकाचा रस्ता निराळा. फक्त पहिली पायरी कानाची असू दे, कारण तिला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही.

पाचवीला प्रणाली दुसऱ्या शाळेत जाईल. नव्या शिक्षकांना तिची तिसरी रांग आणि खाली घातलेली मान एवढंच दिसेल, आणि सांगायला गुरुजी तिथे नसतील. म्हणून मी त्यांना प्रगतिपुस्तकात 'अबोल' हा शेरा खोडून हे लिहायला लावलं: "दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, डावा बरा. पहिल्या रांगेत उजव्या भिंतीशी बसवावे. समोर तोंड करून बोलावे. कानात पाणी जाऊ देऊ नये. मे महिन्यात जिल्हा रुग्णालयात दाखवायचे आहे."