बावीस हजारांचे विनंतीपत्र

भाड्याचे घर मुदतीआधी सोडण्यासाठी मालकांना लिहावयाचे पत्र हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. त्यात अर्जाची नम्रता, हिशेबाची कोरडी अचूकता आणि स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थाचा उत्साह ही तिन्ही अंगे एकाच कागदावर नांदवावी लागतात.

आमचे घर जुळे सोलापुरात, पहिल्या मजल्यावर. खाली मालक राहतात, त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. करार लिव्ह अँड लायसन्सचा, १ जूनपासून ११ महिन्यांचा. भाडे ११,००० रुपये, डिपॉझिट ३३,००० रुपये. पहिले सहा महिने, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत, लॉक-इन. त्याआधी भाडेकरूने घर सोडल्यास उरलेल्या लॉक-इन महिन्यांचे भाडे दंड म्हणून द्यावे, असे एक कलम त्यात होते. सही करताना ते कलम मोठ्याने वाचून दाखवले गेले होते आणि तेव्हा सगळ्यांनी समाधानाने मान डोलावली होती. ऑगस्टमध्ये माझी बदली पुण्यास झाली. ३० सप्टेंबरला घर सोडावयाचे, तर दोन महिने उरतात. बावीस हजार.

पत्र लिहावयास घेताच घरातील प्रत्येकाला त्यात करुणरस भरण्याची घाई झाली. सौभाग्यवतींच्या मते आईच्या गुडघ्यांचा उल्लेख पहिल्याच ओळीत हवा होता. वास्तविक आईचे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत, आणि हे अण्णांना ठाऊक आहे, कारण आई दिवसातून अनेकदा त्यांच्या दारावरून जिना चढते. कचेरीतील एका सहकाऱ्याचे मत याच्या नेमके उलट होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती सरसकट मिळत नाही, त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. तेव्हा हे कलमच पहिल्या ओळीत घालावे, असे त्याने सुचवले. त्याचे कायद्याचे ज्ञान बरोबर होते, माणसांचे तितकेसे नव्हते. अण्णांचा एक भाचा वकील आहे आणि त्याच्याकडे सध्या फारसे काम नाही.

मी दोन्ही सूचना बाजूला ठेवल्या, परंतु कलम ७४ मागचा विचार तेवढा उचलला. माझ्या जाण्याने अण्णांचे खरोखर किती नुकसान होते, हे त्यांनी विचारण्याआधी आपणच मांडावे, तेवढे भरून द्यावे आणि उरलेले माफ करण्याची विनंती करावी. दयेच्या याचनेला नकार देणे सोपे असते, कारण तेथे खोडून काढण्यासारखे काहीच नसते. हिशेबाला नकार द्यावयाचा तर समोरच्याला दुसरा हिशेब मांडावा लागतो.

या हिशेबासाठी बदली भाडेकरू आधी हातात हवा. बार्शीहून येथील महाविद्यालयात रुजू होणारे एक प्राध्यापक आणि त्यांची पत्नी घराच्या शोधात होते. ते ५ ऑक्टोबरपासून येण्यास तयार होते, मात्र भाडे १०,५०० च्या वर देणार नव्हते. म्हणजे अण्णांचे घर चार दिवस रिकामे राहणार, दिवसाला ३५५ रुपयांप्रमाणे १,४२०. लॉक-इनच्या उरलेल्या दोन महिन्यांत भाड्यातील फरक १,०००. नव्या कराराची नोंदणी फी, मुद्रांक शुल्क आणि तो ऑनलाइन भरून देणाऱ्याची मजुरी धरून सुमारे ३,०००. एकूण ५,४२०. बावीस हजारांशेजारी हा आकडा लिहिला, तेव्हा सौभाग्यवतींनी गुडघ्यांचा आग्रह सोडला.

तरीही पत्रातील दोन वाक्यांनी माझी झोप उडवली. “मी ३० सप्टेंबरला घर सोडत आहे” असे लिहिले, तर करार मोडल्याची कबुली आपल्याच सहीने दिल्यासारखे होते. म्हणून “आपली संमती असल्यास ३० सप्टेंबर रोजी करार परस्परसंमतीने संपवावा, ही विनंती” असे लिहिले. त्याच पत्रात, अण्णांनी विनंती अमान्य केल्यास करार पूर्ववत चालू राहील, हेही नमूद केले. दुसरे वाक्य नव्या भाडेकरूविषयीचे. त्यांनी डिपॉझिट माझ्या हाती द्यावे, मी किल्ली त्यांच्या हाती द्यावी आणि अण्णांना फक्त कळवावे, असा सुटसुटीत मार्ग माझ्या मेहुण्याने सुचवला होता. कराराने मनाई केलेले पोटभाडे ते हेच. मग मी असे लिहिले:

“सोबत संभाव्य भाडेकरूंची माहिती जोडली आहे. त्यांना स्वीकारणे अथवा नाकारणे हा सर्वस्वी आपला अधिकार आहे. स्वीकारल्यास त्यांचा स्वतंत्र करार आपणाशी थेट व्हावा आणि डिपॉझिटही आपणच घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार त्या कराराची नोंदणी आवश्यक असून तिचा खर्च मी सोसेन. माझा करार संपल्याचा लेख त्यापूर्वी उभयतांच्या सहीने व्हावा.”

शेवटचे वाक्य अनेकजण गाळतात आणि मग पुण्यात बसून सोलापुरातील नोंदलेल्या करारात भाडेकरू म्हणून कागदोपत्री नांदत राहतात.

पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर न पाठवता दोन प्रतींत नेले, एकीवर पोच घेण्यासाठी. अण्णांनी चष्मा पुसून ते सावकाश वाचले. ५,४२० वर त्यांचे बोट थांबले आणि माझा श्वासही थांबला.

“हे बरोबर हाय,” ते म्हणाले. “पण पाणी येतंय त्या दिवशी त्यांच्या घरी कोण असतंय?”

नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात भाडेकरूची खरी पात्रता वेतनचिठ्ठीवरून ठरत नाही, हे माझ्या हिशेबात बसलेच नव्हते. नंतर रीतसर मुलाखत झाली. टाकी भरल्यावर मोटर कोण बंद करणार, रात्री पाहुणे किती वाजेपर्यंत, चपला जिन्यात की दारात, असे प्रश्न अण्णांनी विचारले. प्राध्यापकांच्या पत्नी घरूनच शिवणकाम करतात, हे समजताच मोटरचा प्रश्न सुटला आणि त्याबरोबर माझाही. पगाराविषयी एक शब्दही निघाला नाही.

अण्णांनी माझ्या पत्रावर लगेच “मंजूर” लिहिले. “लॉक-इनची उर्वरित रक्कम माफ” हे शब्दही स्वतंत्रपणे लिहावेत, अशी मी हात जोडून विनंती केली. नुसत्या “मंजूर”चा अर्थ भाचा काय लावील, याचा नेम नव्हता. तेही त्यांनी लिहिले. डिपॉझिटमधून ५,४२० आणि ३० सप्टेंबरच्या मीटर वाचनाप्रमाणे होणारे लाईट बिल वजा करून उरलेली रक्कम किल्ली दिल्याच्या दिवशी चेकने, असेही ठरले. सही करण्यासाठी पेन टेकवले आणि अण्णा पुन्हा थांबले.

“खिडकीला कूलरचं स्टँड बसवलंय ते?”

ते मी मे महिन्यातील ऊन लक्षात घेऊन राहावयास येण्याआधीच पदरच्या १,८०० रुपयांनी करून घेतले होते. बावीस हजारांचा निकाल एका बैठकीत लागला होता, त्या लोखंडी स्टँडवर मात्र चहाचे दोन कप झाले, अण्णांच्या पत्नी आतून बाहेर आल्या, आणि शेवटी पत्राच्या तळाशी अण्णांच्या अक्षरात एक ओळ वाढली: “स्टँड राहील, कूलर न्यावा.”