पत्रकात ‘१६ वर्षांखालील’ एवढंच लिहून थांबू नका, जन्मतारीख लिहा

जिल्हा पातळीवरच्या वयोगट स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षं कागदपत्रांच्या छाननीचं काम करतो. मैदानावरची भांडणं सगळ्यांना दिसतात. छाननीच्या टेबलावरची भांडणं फक्त रडणाऱ्या पोराला, त्याच्या बापाला आणि आम्हाला माहीत असतात. त्यातली बरीचशी खोट्या वयामुळे होत नाहीत, पत्रक अर्धवट लिहिल्यामुळे होतात. नव्या हंगामाची पत्रकं निघायच्या आत हे लिहून टाकतोय.

एक मुलगा धरू. जन्म १५ ऑक्टोबर २०१०. आता सांगा, २०२६ मध्ये तो १६ वर्षांखालील गटात बसतो का?

क्रिकेटमध्ये वयाची रेषा १ सप्टेंबरला असते. तिथे २०२६च्या हंगामासाठी १ सप्टेंबर २०१० किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं चालतात, म्हणजे हा बसतो. बुद्धिबळात स्पर्धेच्या वर्षाची १ जानेवारी धरतात. १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतर जन्मलेले चालतात, म्हणजे तिथेही बसतो. पण एखाद्या संघटनेने ‘३१ डिसेंबर २०२६ रोजी १६ वर्षं पूर्ण नसावीत’ असं लिहिलं, की २०१० साली जन्मलेली सगळीच मुलं बाहेर. हाही बाहेर. १ जानेवारी आणि ३१ डिसेंबर, दोन्ही एकाच वर्षातल्या तारखा, पण या दोन रेषांमध्ये मुलांची अख्खी एक तुकडी इकडची तिकडे होते. आणि पत्रकाच्या मथळ्यावर तिन्हीकडे एकच मजकूर असतो: १६ वर्षांखालील.

सगळ्यात वाईट चौथा प्रकार, ‘स्पर्धेच्या दिवशी १६ वर्षं पूर्ण नसावीत’. ऐकायला हे सरळ वाटतं. पण स्पर्धा सप्टेंबरअखेर ठरली, पावसाने मैदान गेलं, आणि ती दिवाळीनंतर ढकलली तर? सप्टेंबरमध्ये पात्र असलेला हा मुलगा नोव्हेंबरमध्ये अपात्र होतो. दोष त्याचा नाही, कागदाचा नाही, पावसाचा आहे. उलट बाजूही आहे. कुणाला एखादा खेळाडू नको असेल, तर स्पर्धा तीन आठवडे पुढे ढकलली की काम झालं. म्हणून पात्रता स्पर्धेच्या तारखेला कधीच बांधू नये. ती हंगामासाठी एकदाच ठरावी आणि हंगाम संपेपर्यंत हलू नये. सोळावा वाढदिवस हंगामाच्या मधे आला तरी मुलगा खेळत राहिला पाहिजे.

आता रेषेवरच्या मुलांकडे येऊ. ‘१ सप्टेंबर २०२६ रोजी १६ वर्षं पूर्ण झालेली नसावीत’ हे वाक्य घ्या. १ सप्टेंबर २०१० ला जन्मलेल्या मुलीला त्या दिवशी सोळा पूर्ण होतात, म्हणून एक गट तिला बाहेर ठेवतो. दुसरा गट म्हणतो, जन्माची वेळ संध्याकाळची आहे, सकाळी पूर्ण कुठे झाली? मी हा वाद खरोखर ऐकलाय, दवाखान्याच्या कागदावरची वेळ दाखवून घातलेला.

वयाची मोजणी वाटते तितकी सोपी नाही, हे कायद्याच्या अंगानेही दिसतं. राजस्थानातल्या सरकारी भरतीचा एक खटला १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नियम असा, की १ जानेवारी १९८४ रोजी उमेदवाराला २८ पूर्ण झालेली नसावीत. उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा. तुम्ही आम्ही म्हणू, एक दिवस बाकी आहे, बसतो. न्यायालय म्हणालं, जन्माचा दिवस पूर्ण धरायचा, त्यामुळे वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मध्यरात्री पूर्ण होतं. म्हणजे १ जानेवारीलाच. उमेदवार अपात्र ठरला. हाच न्याय आपल्या वाक्याला लावला, तर १ सप्टेंबरचीच काय, २ सप्टेंबरला जन्मलेली मुलगीसुद्धा बाहेर जाते. आयोजकाच्या मनात असं काही नसतं, पण वाक्य त्याने तसं लिहिलेलं असतं.

यावरचा उपाय फुकटातला आहे. पत्रकात वयाची भाषा मथळ्यापुरती ठेवा आणि खाली एक ओळ टाका: ‘जन्म १ सप्टेंबर २०१० रोजी किंवा त्यानंतर झालेला असावा.’ ‘रोजी किंवा’ हे दोन शब्द गाळू नका, नुसतं ‘नंतर’ लिहिलं की त्या दिवशी जन्मलेल्यांचं काय हा प्रश्न परत टेबलावर येतो. ही एक ओळ असली की वय मोजावंच लागत नाही. दोन तारखा शेजारी ठेवायच्या, कुठली आधीची ते बघायचं. शिपाईसुद्धा ते करू शकतो आणि पालक घरबसल्या करू शकतात.

आणि मग एका दिवसाने बाहेर गेलेल्याला सवलत? नाही. मला कठोर म्हणा. ३१ ऑगस्टच्या मुलाला घेतलं तर ३० ऑगस्टच्या मुलाला काय तोंड दाखवायचं? रेषा कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे एका दिवसावर कुणीतरी उभं असणारच. त्याच्यावर खरा अन्याय होतो तो त्याला हे आयत्या वेळी, किट घालून मैदानावर आल्यावर कळतं तेव्हा. जन्मतारीख पत्रकात असती तर त्याने पुढच्या वयोगटाची तयारी तीन महिने आधी सुरू केली असती.

रेषा पक्की झाली, तरी ती लावायची कागदावर. इथे माझं काही संघटनांशी जमत नाही.

जन्म दाखल्यावर तीन तारखा असतात: जन्माची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. पुष्कळ छाननीवाले तिसरी तारीख बघून संशय घेतात, ‘दाखला तर मागच्या महिन्यातला दिसतोय’. अहो, दाखला हरवला, नवा काढला, किंवा क्यूआर कोडवाला हवा म्हणून पुन्हा काढला, तर देण्याची तारीख नवीच येणार. बघायची ती मधली, नोंदणीची. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटल्यावर करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जन्मानंतर आठ-दहा वर्षांनी केलेली नोंद दिसली, तर थांबून चौकशी करणं योग्यच आहे. वय लपवणारे हाच रस्ता धरतात.

पण चौकशी करणं वेगळं आणि फेटाळणं वेगळं. ‘वर्षाच्या आत नोंदणी नाही, बाद’ असा सरसकट नियम लावला की पहिल्या फटक्यात कोण जातं? बीडचं, जतचं, पाथर्डीचं ऊसतोड कामगारांचं पोर. दिवाळीच्या सुमाराला आई-बाप कोयता घेऊन निघतात, उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात फडावर, कोपीत जन्मलेल्या बाळाची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत व्हायला हवी, असा कायदा आहे. ते गाव परक्या तालुक्यातलं, कधी परक्या राज्यातलं. फड संपला की टोळी पुढे जाते आणि नोंद राहते. पळण्यात, कबड्डीत हीच पोरं पुढे असतात. दाखला उशिराचा आहे एवढ्यावरून त्यांना लबाड ठरवणं मला मान्य नाही.

अशा वेळी मी जुना कागद शोधतो. पहिलीत प्रवेश घेताना शाळेच्या जनरल रजिस्टरला कुठली तारीख लागली? अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड? सख्ख्या भावंडांच्या तारखा बघतो. दोघांत पाच महिन्यांचं अंतर निघालं, तर जुळी नसताना ते शक्य नाही, एक तारीख खोटी आहे. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे हाच खेळाडू तीन वर्षांपूर्वी लहान गटात खेळला तेव्हा त्याने कुठली तारीख दिली होती. खेळासाठी वय चोरायचं कुणाच्या डोक्यात येण्याआधीचा कागद सहसा खरं बोलतो. म्हणून प्रत्येक जिल्हा संघटनेने पहिल्या प्रवेशाची यादी जपून ठेवावी. आधार कार्डावर मात्र विसंबू नका. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, हे यूआयडीएआयनेच डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

‘मग सरळ हाडांची तपासणी करा ना’, असं लोक म्हणतात. बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांसाठी टीडब्ल्यू३ पद्धत वापरतं, डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून. ती पद्धत हाडं किती पक्व झाली ते सांगते. जन्म कधी झाला ते नाही. लवकर वयात आलेल्या खऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाची हाडं सोळाच्या पुढची दिसू शकतात. दोन-तीन वर्षं चोरलेला त्यात सापडतो, म्हणून ती हवी. पण रेषेजवळच्या दोन-चार महिन्यांचा निकाल तिच्यावर सोपवू नये.

आता ज्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही ते. सगळे कागद खरे असले, कुणी चोरी केली नसली, तरी रेषा एक पक्षपात करते. १ सप्टेंबरची रेषा असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेली मुलं आपल्या तुकडीत सगळ्यात मोठी आणि जुलै-ऑगस्टची सगळ्यात लहान. चौदा-पंधराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे उंचीत, खांद्यात, आवाजात केवढा फरक! निवड समिती मोठ्याला ‘गुणी’ समजते आणि लहानाला घरी पाठवते. बेल्जियमच्या युवा फुटबॉलमध्ये १९९७ मध्ये ही रेषा १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आली. त्याआधी निवडलेल्यांत ऑगस्टपासूनच्या महिन्यांतल्या मुलांचा भरणा असायचा. रेषा हलताच तो जानेवारीपासूनच्या महिन्यांकडे सरकला. म्हणजे गुण महिन्यात नव्हता, रेषेत होता.

रेषा हलवून हे जाणार नाही, फक्त दुसऱ्या महिन्यांवर जाईल. पण निवड चाचणीत एक करता येतं. हॉलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुटबॉलच्या निवडकर्त्यांना खेळाडूंच्या जन्मतारखा नुसत्या कागदावर दिल्या, तेव्हा फरक पडला नाही. मोठी मुलंच वर राहिली. मग टी-शर्टचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले आणि ते निवडकर्त्यांना सांगितलं. तेव्हा तो कल दिसेनासा झाला. खेळ पाहताना लहान कोण हे डोळ्यांसमोर राहिलं, एवढंच.

आपल्याकडे चाचणीच्या दिवशी नाहीतरी पाठीवर कागदी क्रमांक पिनने लावतोच. ते आले त्या क्रमाने न देता जन्मतारखेच्या क्रमाने द्यावेत, सगळ्यात मोठ्याला १. यादी एक्सेलमध्ये असते, जन्मतारखेच्या रकान्यावर क्रम लावायला मिनिटही लागत नाही. आमच्या जिल्ह्याच्या बैठकीत मी हे दोनदा मांडलं, दोनदा ‘पुढच्या वर्षी बघू’ झालं. यंदा पुन्हा मांडणार आहे. तुमच्यापैकी कुणी प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक किंवा संघटनेत असाल, तर आपल्या निवड चाचणीत करून बघा आणि निवडलेल्या मुलांचे जन्ममहिने इथे कळवा. नावं नकोत, नुसते महिने पुरे.