बाटलीतलं फुफ्फुस आणि रिपोर्टमधला 'मर्यादा' हा भाग: एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचला. मॉडेल छान, कृती छान, पण आठवीच्या मुलांच्या रिपोर्टमध्ये मर्यादांवर अर्धं पान कशाला? पडदा ओढला, फुगा फुगला, श्वास कसा चालतो ते कळलं, विषय संपला. 'मॉडेल प्लॅस्टिकचं आहे, खरं फुफ्फुस नाही' एवढी एक ओळ पुरे. आणि फुग्याभोवती हवा आहे की पाणी याने त्या वयात काय फरक पडतो? उगाच मुलांना गोंधळात टाकताय."

नमस्कार, सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी एवढंच सांगतो, मॉडेल म्हणजे तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली, आत नळीला लटकवलेला फुगा हे फुफ्फुस आणि तळाला ताणून बसवलेला रबरी पडदा हे श्वासपटल. उत्तर थोडं लांबणार आहे कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नातच सगळं आहे, हवा की पाणी. मला वाटतं त्या मॉडेलमधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे, आणि ती आठवीच्या मुलाला नुसती सांगायची गरज नाही, त्याला स्वतःला मोजता येते.

'मॉडेल प्लॅस्टिकचं आहे' ही ओळ मी रिपोर्टमधून काढायलाच सांगतो. ती कुठल्याही मॉडेलखाली चालेल, हृदयाच्या, ज्वालामुखीच्या, कशाच्याही, म्हणजे तिच्यात या प्रयोगाबद्दल काहीच नाही. मर्यादा लिहायची तर ती अशी हवी की मॉडेल कुठे वेगळं वागतं आणि त्यामुळे काय चुकीचं दिसतं.

आधी मॉडेल काय बरोबर दाखवतं ते बघू, कारण तेही बरेच जण उलटं लिहितात. 'हवा आत गेली म्हणून फुगा फुगला आणि त्यामुळे जागा वाढली' असं खूप रिपोर्टमध्ये असतं. क्रम उलटा आहे. पडदा खाली ओढला की बाटलीतली जागा आधी वाढते, त्यामुळे आतला दाब कमी होतो, आणि मग बाहेरची जास्त दाबाची हवा नळीतून फुग्यात शिरते. हे मुलाला पटवायचं असेल तर नळीच्या वरच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून पडदा ओढायला सांगा, फुगा हलत नाही, पडदा ओढायला एकदम जड जातो आणि पातळ बाटली असेल तर तिच्या भिंती आत बसतात. मग अंगठा सोडा, हवा झपकन आत जाते. दुसरी चाचणी म्हणजे बाटलीच्या भिंतीला सुईने एक भोक पाडायचं आणि पुन्हा ओढायचं, आता फुगा फुगत नाही किंवा अगदी थोडा फुगतो, कारण हवेला भिंतीतूनच वाट मिळाली. भोकावर टेप लावली की परत चालू. या दोन चाचण्या रिपोर्टमध्ये असल्या की 'दाब कमी झाला' हे पाठ केलेलं वाक्य राहत नाही, त्यामागे काहीतरी बघितलेलं असतं.

आता फुग्याभोवतालची हवा.

खऱ्या छातीत फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये मोकळी हवा नसते. फुफ्फुसाला दुपदरी आवरण असतं आणि त्या दोन पदरांमध्ये फक्त काही मिलिलिटर द्रवाचा पातळ थर असतो. द्रव ताणून मोठा होत नाही, त्यामुळे भिंत बाहेर सरकली की फुफ्फुसाला तिच्या मागे जावंच लागतं. आपल्या बाटलीत मात्र फुग्याभोवती जवळजवळ बाटलीभर हवा आहे आणि हवा ताणली जाते. पडदा ओढल्यावर वाढलेली सगळी जागा फुग्याला मिळत नाही, त्यातली काही आजूबाजूची हवाच फुगून खाते. म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये जी परिस्थिती कायमची आहे, ती खऱ्या छातीत झाली, फुफ्फुसाभोवती हवा शिरली, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात आणि ती हवा काढायला नळी घालावी लागू शकते. मला हे आठवीच्या मुलाला सांगण्यासारखं वाटतं, आणि कळायला अजिबात अवघड नाही.

पण सांगून सोडण्यापेक्षा मोजलेलं बरं. पडदा हाताने ओढला की नेमकी किती जागा वाढली ते कळत नाही, म्हणून मोजायच्या भागासाठी बाटली कापायचीच नाही आणि पडद्याऐवजी सिरिंज वापरायची. जाड भिंतीची 1 लिटरची बाटली घ्या, झाकणाला तीन भोकं पाडा. एका भोकातून फुग्याची नळी, दुसऱ्यातून सिरिंजची नळी, तिसऱ्यातून दाब मोजायला रंगीत पाणी भरलेली पारदर्शक यू-नळी. सगळे सांधे ग्लू गनने किंवा क्लेने घट्ट बंद. फुगा छोटा घ्या आणि आधी तोंडाने दोन-तीनदा फुगवून सैल करा, नाहीतर नवीन रबर फार हट्टी असतं. फुग्यात किती हवा गेली ते मोजायला त्याच्या नळीचं बाहेरचं टोक पाण्याच्या टबात उपड्या धरलेल्या मोजपात्रात वरपर्यंत न्यायचं, म्हणजे फुगा हवा ओढेल तेवढं पाणी मोजपात्रात चढेल. वाचताना आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करून वाचा.

समजा सिरिंजने 50 मिली ओढलं आणि यू-नळीत 20 सेंमी पाण्याचा फरक दिसला. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण 10 मीटर, म्हणजे 1000 सेंमी पाण्याचा स्तंभ. 1000 मधून 20 गेले म्हणजे दाब 2 टक्के कमी झाला. दाब 2 टक्के कमी झाला की हवेचं आकारमान साधारण 2 टक्के वाढतं, हा 1662 चा बॉइलचा नियम, इथे याहून जास्त गणित लागत नाही. फुग्याभोवती 1000 मिली हवा आहे, तिचे 2 टक्के म्हणजे 20 मिली. तेव्हा ओढलेल्या 50 मधले 20 मिली आजूबाजूच्या हवेने खाल्ले आणि फुग्यात गेले फक्त 30 च्या आसपास. मोजपात्रात 30 च्या जवळचा आकडा आला तर मुलाने हिशेब आणि निरीक्षण दोन्ही एकत्र बघितलं. 20 सेंमी हा मी उदाहरणासाठी धरलेला आकडा आहे, तुमच्या फुग्याचा वेगळा येईल, यू-नळीत जो दिसेल तो घ्या.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. हिशेब खरा असेल तर बाटली बदलली की उत्तर बदललं पाहिजे. त्याच 20 सेंमी दाबासाठी अर्ध्या लिटरच्या बाटलीत 10 मिलीच वाया जातील, 2 लिटरच्या बाटलीत 40. म्हणजे तोच फुगा, तीच सिरिंज, पण मोठ्या बाटलीत तो कमी फुगणार. (दाब प्रत्येक वेळी तंतोतंत 20 राहणार नाही, कमी फुगलेल्या फुग्याला कमी दाब पुरतो, म्हणून प्रत्येक बाटलीला यू-नळी पुन्हा वाचायची.) मुलाने हे आधी लिहून ठेवावं आणि मग करून बघावं.

आणि मग बाटलीत पाणी भरा. फुग्याभोवतीची हवा काढून काठोकाठ पाणी, बाटलीच्या खांद्याशी अडकलेले बुडबुडे बाटली तिरकी करून, टकटक करून काढा, कारण राहिलेला प्रत्येक बुडबुडा पुन्हा तेच हवेचं काम करतो. यू-नळी काढून तिचं भोक बंद करा. आता सिरिंजने 50 मिली पाणी ओढलं तर फुग्यात जवळजवळ पूर्ण 50 मिली हवा जाते, कारण पाणी ताणलं जात नाही, त्याने सोडलेली जागा भरायला दुसरं कोणी नाही. एक काळजी घ्या, सिरिंज बाटलीच्या तोंडाच्या उंचीवरच धरायची, खाली लटकली तर नळीतून पाणी आपोआप ओघळायला लागतं आणि न ओढताच फुगा फुगतो. फुगा हवेने भरला की पाण्यात वर तरंगून झाकणाला टेकतो, तेही चालेल, आकड्यात फरक पडत नाही.

30 आणि 50 हे दोन आकडे शेजारी आले की तुमच्या 'हवा की पाणी' प्रश्नाचं उत्तर मुलाच्या वहीत असतं. श्वास घेताना छातीची भिंत आणि फुफ्फुस सोबत का हलतात, तो द्रवाचा थर कशाला लागतो, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

बिघाड कसा ओळखायचा तेही लिहितो, कारण आकडे जुळले नाहीत की मुलं लगेच जुळवायला बसतात. सिरिंज ओढून तशीच धरून ठेवली आणि फुगा हळूहळू बसत गेला तर कुठेतरी सांधा गळतोय, यू-नळीतला फरकही सोबत कमी होताना दिसेल. पाणी भरलेलं असताना 50 ओढून 40 च मिळाले तर आधी बुडबुडे शोधा आणि मग बाटलीच्या भिंतीकडे बघा, पातळ बाटली आत दबते आणि ती दबलेली जागा फुग्याला मिळत नाही. असं झालं तर रिपोर्टमध्ये 40 च लिहायचं आणि भिंत दबली हे निरीक्षण म्हणून लिहायचं.

बाकीच्या मर्यादा मी खरंच एकेका वाक्यात उरकतो, तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. श्वासपटल विश्रांतीत वर घुमटासारखं असतं आणि आकुंचन पावलं की खाली जाऊन चपटं होतं, आपला पडदा मात्र सपाट सुरू होतो आणि खाली फुगवटा येईपर्यंत ओढला जातो, आणि तो स्नायू नाही, ओढणारा हात आहे. बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, बाटलीची भिंत हलत नाही. फुगा जवळजवळ पूर्ण रिकामा होतो, तर मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात शांतपणे श्वास सोडल्यावरही 2 लिटरहून जास्त हवा उरलेली असते आणि एका शांत श्वासात आतबाहेर होते ती अर्धा लिटरच. वायुकोश आणि ऑक्सिजनची देवघेव या मॉडेलमध्ये नाहीतच, त्यामुळे निष्कर्षात 'ऑक्सिजन रक्तात कसा जातो ते समजलं' असं येऊ द्यायचं नाही.

तेव्हा मर्यादांचा भाग माझ्या हिशेबाने असा दिसतो, मुलाच्या भाषेत: "आमच्या मॉडेलमध्ये फुग्याभोवती हवा होती. 50 मिली ओढल्यावर फुग्यात 30 मिली गेली. पाणी भरल्यावर 48 गेली. खऱ्या छातीत द्रवाचा पातळ थर असतो, म्हणून पाण्याचं मॉडेल जास्त जवळचं आहे. पण आमची भिंत हलत नाही आणि पडदा स्नायू नाही, त्यामुळे बरगड्यांचं काम यातून कळत नाही." पाच-सहा ओळी झाल्या, अर्धं पानसुद्धा लागलं नाही.

तुमच्याकडे वेळ एकाच तासाचा असेल तर बाटल्या बदलायचा भाग सोडा, यू-नळीही सोडा, पण हवा आणि पाणी ही तुलना ठेवा. त्याला सिरिंज, मोजपात्र आणि एक टब एवढंच लागतं.