कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो, पण कोणता?

"ब्लूटूथ स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात, कपाटावर उंच ठेवा. बास दुप्पट होतो, बोलणं स्पष्ट ऐकू येतं आणि आवाज सगळीकडे सारखा पसरतो. खर्च शून्य!"

बासपुरतं यात तथ्य आहे. खालचे सूर छोट्या स्पीकरमधून सगळ्या दिशांना जातात, आणि जवळ भिंत असली की मागे गेलेला आवाज पुढे परततो. एका भिंतीने खालचा आवाज फार तर 6 डेसिबल वाढतो, कोपऱ्यात त्याहून जास्त. पण भिंत असलेलंच वाढवते. तळहाताएवढा स्पीकर 80 हर्ट्झच्या खाली फारसं काही काढतच नाही, त्यामुळे फुगतो तो साधारण 100 ते 250 हर्ट्झचा भाग. डग्गा भरदार वाटतो, पण बातम्या देणारा पुरुषी आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

स्पष्टतेचं गणित वेगळंच आहे. स, श, च, त नीट कळतात ते मुख्यतः 2000 हर्ट्झच्या वरच्या आवाजामुळे, आणि तो बऱ्यापैकी सरळ रेषेत जातो. साडेसहा फुटी कपाटावर मागे सरकवलेला स्पीकर आणि खुर्चीत बसलेल्याचे साडेतीन फुटांवरचे कान, यांच्यामध्ये कपाटाची कडच येते. कपाट लोखंडी असेल तर पत्राही थरथरतो. गाणं चालू असताना दारावर तळहात ठेवला की लगेच कळतं.

'सगळीकडे सारखा' हे तर उलटंच. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत, 12 फुटांच्या दिशेने 94 हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींजवळ आणि मध्यावर जोरात घुमतो, तर भिंतीपासून 3 फुटांवर जवळपास गायब होतो. ही घुमघुम कोपऱ्यातून सर्वात जास्त उठते.

त्यापेक्षा स्पीकर बसलेल्या कानाच्या उंचीवर, टेबलावर घ्या. मागची भिंत 10-15 सेंटिमीटरवर, कोपरा किमान 2 फूट लांब. फळीवर ठेवायचा असेल तर अगदी पुढच्या कडेला. मागे राहिला तर समोरच्या फळीवरून उसळलेला आवाज किंचित उशिरा पोचतो आणि काही सूर खोडतो. तिन्ही बाजूंनी बंद कप्पा टाळलेलाच बरा. ज्यांच्या दोन्ही टोकांना थरथरणारे पडदे असतात, त्या नळकांडी स्पीकरच्या टोकांशी चार बोटं जागा मोकळी हवी.

मग बातम्या लावून स्पीकर वीतभर इकडेतिकडे सरकवून पाहा. तुलना करताना एक फसगत हमखास होते: कोपऱ्यात आवाज मोठा येतो, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. म्हणून तिथे आधी आवाज एक-दोन घरं कमी करा. एवढं करूनही शब्द पुसट येत असतील तर स्पीकर चार-पाच फुटांवर, जवळ आणा. फरशी आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत याहून सोपा उपाय नाही.